जेल कलरचे डाग: हात, ओटा आणि कॉटनचा एप्रन, आधी कशाला हात घालायचा

फूड कलरचा डाग म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, व्हिनेगर लावा. आणि हात रंगले असतील तर नेमकं तेच करायचं नाही. का ते आधी सांगते, कारण एवढं एक डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या स्टेप्स पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात.

केकच्या जेल कलरमध्ये जे सिंथेटिक रंग असतात, म्हणजे अल्युरा रेड, ब्रिलियंट ब्लू, टार्ट्राझिन, कार्मोइसिन वगैरे, ते सगळे पाण्यात विरघळणारे आणि जातीने अ‍ॅसिड डाय. लोकर आणि रेशीम रंगवायला वापरतात त्याच प्रकारचे. या रंगांना प्रोटीन फार प्रिय, आणि त्यात आंबटपणा आणि उष्णता मिळाली की ते प्रोटीनला घट्ट धरून बसतात. घरी फूड कलरने लोकर रंगवणारे लोक भांड्यात व्हिनेगर घालून गरम करतात ते याचसाठी. आता आपली कातडी आणि नखं कशाची बनलेली आहेत? केराटिनची, म्हणजे प्रोटीनचीच. त्यामुळे रंगलेल्या हातावर व्हिनेगर किंवा लिंबू चोळणं म्हणजे डाग काढायला जाऊन रंग पक्का करायची तयारी करणं. उलट साबण आणि खाण्याचा सोडा हे अल्कलाइन, ते ही पकड सैल करतात.

कॉटनचं मात्र उलटं आहे. सुती कापड प्रोटीन नाही, सेल्युलोज आहे, आणि हे रंग सेल्युलोजला नीट धरतच नाहीत, धाग्यांच्या मध्ये नुसते अडकून बसतात. म्हणून एप्रनवरचा डाग दिसायला कितीही भयानक असला तरी सगळ्यात सोपा तोच असतो, फक्त त्या डागात अंडं, दूध किंवा क्रीम मिसळलेलं असेल तर कापडावर प्रोटीनचा थर येतो आणि रंग त्या थराला जाऊन चिकटतो. आणि ओटा? तिथे चिकटण्याचा प्रश्नच नाही, तिथे प्रश्न आहे मुरण्याचा. दगडाला बारीक छिद्रं असतात, रंग आत शिरला की वरून कितीही घासा.

एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा लाल बटरक्रीम करताय. जेलच्या बाटलीचं तोंड बरबटलेलं होतं, ती ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवली तिथे गोल रिंग उमटली, पायपिंग बॅगमधून लाल क्रीमचा गोळा पांढऱ्या कॉटनच्या एप्रनवर पडला, आणि बोटं, तळवा, नखांच्या कडा लालभडक.

पाण्याला हात लावायच्या आधी

सगळ्यांचा पहिला रिफ्लेक्स नळाकडे धावण्याचा असतो. थांबा. जेल हा प्रचंड घट्ट केलेला रंग आहे, त्यात पाणी पडलं की मटारएवढ्या थेंबाचा तळहातभर डाग होतो. आधी कोरडं काम. टिश्यू किंवा जुन्या फडक्याचा तुकडा घ्या, हातावरचं आणि ओट्यावरचं जेल टिपून उचला, पुसायचं नाही, दाबून उचलायचं. दरवेळी टिश्यूची स्वच्छ बाजू. एप्रनवरचा क्रीमचा गोळा चमच्याच्या कडेने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने बाहेरच्या कडेकडून आतल्या बाजूला खरवडून उचला, म्हणजे डाग आहे तेवढाच राहतो, वाढत नाही.

यानंतर क्रम ठेवायचा तो असा: ओटा, मग एप्रन, सगळ्यात शेवटी हात. हात आधी घासून स्वच्छ करायचे आणि मग रंगीत एप्रन पिळायचा याला काही अर्थ नाही, परत रंगणारच आहेत. फक्त हातांना तेवढ्यापुरतं थोडं स्वयंपाकाचं तेल चोळून टिश्यूने पुसून घ्या आणि वर हातमोजे चढवा. तेलाने रंग विरघळत नाही पण क्रीममधलं बटर सुटतं आणि त्याच्यासोबत बराच न चिकटलेला रंगही निघून येतो.

ओटा

आधी ओटा कशाचा आहे ते बघा. स्टील, काच, टाइल, चांगला लॅमिनेट, यांच्यात रंग मुरत नाही, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब ओल्या फडक्यावर घेऊन पुसलं की संपलं. लॅमिनेटवर हलकी गुलाबी छटा राहिलीच तर सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन टिपा, बहुतेक वेळा तेवढ्यात जाते. गॅस चालू असताना आणि खिडकी बंद करून नाही हां, स्पिरिट पेट घेतं.

टाइलच्या मधल्या सिमेंटच्या रेषा मात्र रंग शोषतात. तिथे खाण्याचा सोडा आणि पाणी यांची घट्ट पेस्ट, जुना टूथब्रश, आणि दहा मिनिटं तसंच ठेवून मग घासणं.

आता आपली ग्रॅनाइटवरची रिंग. ग्रॅनाइटला बऱ्याचदा सीलर लावलेलं असतं आणि ते वर्षं जातील तसं झिजतं. झिजलंय का हे कळायला एका कोपऱ्यात पाण्याचे चार-पाच थेंब टाकून दहा मिनिटांनी बघा. पाणी वर मण्यासारखं उभं असेल तर सीलर शाबूत आहे आणि साबणाच्या पाण्याने डाग निघेल. थेंबाखालचा दगड गडद झाला असेल तर दगड पाणी पितोय, म्हणजे रंगही प्यायलाय.

प्यायला असेल तर घासू नका, लेप लावा. लेपाची कल्पना साधी आहे: डागावर ओला लेप ठेवला की ओल आत जाऊन रंग परत सुटतो, आणि लेप वाळायला लागला की ती ओल बाहेर येताना रंगाला सोबत घेऊन लेपात येते. खाण्याचा सोडा साधारण अर्धी वाटी घ्या आणि त्यात मेडिकलमध्ये मिळतं ते ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं घाला, चमचा तिरका केला तरी गळणार नाही इतकं घट्ट. हे डागावर अर्धा सेंटीमीटर जाड पसरा, डागाच्या बाहेर सगळ्या बाजूंनी दोन बोटं जास्त. वरून क्लिंग फिल्म, कडा टेपने बंद. २४ तास असंच. मग फिल्म काढायची आणि लेप पूर्ण कोरडा होईपर्यंत हात लावायचा नाही, ही वाळायची वेळ बरेच जण खातात आणि मग म्हणतात लेपाने काही झालं नाही, अहो रंग ओढण्याचं काम तर वाळतानाच होतं. वाळला की प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला, पाण्याने पुसा. काढलेल्या लेपाची खालची बाजू गुलाबी दिसली तर काम चालू आहे, आणखी एक-दोन राउंड करा. लेप खालून पांढराच असेल पण डाग तसाच दिसतोय, तर त्या लेपाच्या आवाक्यातलं सगळं निघालंय, पुढे दगडवाल्या माणसाला दाखवलेलं बरं.

इथे दोन सावधगिऱ्या आहेत. काळ्या किंवा गडद दगडावर पेरॉक्साइडने तो भागच फिका पडू शकतो, म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा किंवा सोडा नुसत्या पाण्यात भिजवा. आणि संगमरवर असेल तर व्हिनेगर, लिंबू यांचा थेंबही नको. संगमरवर हा कॅल्शियम कार्बोनेट, आंबट लागलं की पृष्ठभाग खाल्ला जातो आणि चकाकी जाऊन तिथे फिका डाग पडतो. तो डाग रंगाचा नसतोच, दगड झिजलेला असतो, पॉलिश करूनच जातो. लाल रिंग काढायला जाऊन पांढरी रिंग कमावायची नाही. क्वार्ट्झच्या ओट्यात रेझिन असतं त्यामुळे तिथे ब्लीच आणि स्ट्राँग क्लीनर टाळा, साधा साबण आणि गरज पडल्यास थोडं स्पिरिट, लगेच पुसून घ्यायचं.

लाकडी पाट किंवा चॉपिंग बोर्डबद्दल एवढंच, सोड्याच्या पेस्टने रेषांच्या दिशेने घासा, राहिलेली छटा बारीक सँडपेपरने जाते किंवा मग राहू द्या, खायचाच रंग आहे.

एप्रन

लेप लावून झाला की तो त्याचं काम करत बसेल, तुम्ही एप्रनकडे या. खरं तर ओटा पुसताना मध्येच एप्रन गार पाण्याच्या बादलीत टाकून ठेवला असेल तर उत्तम, कारण डाग सुकू न देणं यातच अर्धं यश आहे.

पहिली स्टेप गार पाणी, आणि गारच. डाग उलटा धरा, म्हणजे कापडाची मागची बाजू नळाखाली, म्हणजे पाणी रंगाला आला त्याच वाटेने बाहेर ढकलतं. पुढून धार सोडली तर रंग कापडात आणखी आत जातो. आपल्या केसमध्ये क्रीम आहे, दूध आहे, मेरिंगवालं बटरक्रीम असेल तर अंड्याचा पांढरा भागही आहे. गरम पाणी घातलं तर अंडं कापडावरच शिजतं, आणि शिजलेल्या प्रोटीनने धरलेला लाल रंग हा मग कॉटनवरचा सोपा डाग राहत नाही. खालून पडणारं पाणी बघत राहा. आधी लालभडक, मग गुलाबी, मग जवळजवळ स्वच्छ. स्वच्छ होईपर्यंत पुढे जायचं नाही, कारण जो रंग नुसत्या पाण्याने जातोय त्याच्यावर केमिकल कशाला खर्च करायचं.

दुसरी स्टेप बटर. लाल रंगाकडे बघता बघता हे सगळे विसरतात. क्रीमचा तुपकट थर कापडावर असेल तोवर पाणी धाग्यापर्यंत पोचतच नाही. भांडी घासायचं लिक्विड थेट डागावर घाला, रंगीत नसलेलं असेल तर बरं, बोटांनी हलकं चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, मग परत गार पाण्याने मागून धुवा. ओल्या कापडावर बोट फिरवून बघा, बुळबुळीत किंवा मेणचट लागलं तर अजून एकदा.

इथपर्यंत ताजा डाग बहुतेक वेळा फिका गुलाबी राहतो. आता तिसरी स्टेप, ऑक्सिजन ब्लीच. हे पावडरच्या रूपात मिळतं, डब्यावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं. पाण्यात पडलं की त्यातून पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा असं दोन्ही सुटतं, म्हणजे एकीकडे रंगाचा रेणू मोडतो आणि दुसरीकडे पाणी अल्कलाइन होतं, आपल्याला हवं तसंच. डब्यावरचं प्रमाण बघा, नसेल तर एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा. इथे मात्र पाणी गरम हवं, हाताला जेमतेम सोसेल इतकं, कारण गार पाण्यात परकार्बोनेट आळसावतं. गोंधळ नको म्हणून सांगते: गार पाणी प्रोटीन आणि सुटा रंग काढायला, ते निघून गेल्यावरच गरम, उरलेला रंग मोडायला.

प्लॅस्टिकच्या टबात पावडर पूर्ण विरघळवा, एप्रन संपूर्ण बुडवा, वर तरंगत असेल तर उपडी ताटली ठेवा. तासाभराने बघा. डाग फिका होताना दिसला तर अजून ठेवा, चार-सहा तास, रात्रभरही चालतं, पण त्यानंतर त्या पाण्याचा जोर संपलेला असतो, गरज असेल तर नवीन करा. उरलेलं पाणी बाटलीत बंद करून ठेवायचं नाही, गॅस धरून बाटली फुगते आणि फुटूही शकते. एप्रनवर प्रिंट किंवा रंगीत पायपिन असेल तर आधी शिवणीच्या आतल्या बाजूला याच पाण्याचा थेंब लावून दहा मिनिटांनी पांढऱ्या टिश्यूने दाबा, टिश्यूला रंग लागला तर अख्खा एप्रन न बुडवता फक्त डागावर काम करा. आणि लोकर, रेशीम यांना परकार्बोनेट नाही म्हणजे नाही.

मग नेहमीसारखं मशीनमध्ये, पण एकटा, पांढऱ्या कपड्यांसोबत नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री नाही, ड्रायर नाही. ओल्या कापडावर फिकी छटा दिसत नाही, म्हणून दोरीवर वाळवा आणि दिवसाच्या उजेडात बघा. पिवळसर-गुलाबी सावली दिसली तर परत तिसरी स्टेप. इस्त्री फिरवलेला डागही जातो कधी कधी, पण मग भिजवण्याचे राउंड वाढतात आणि खात्री राहत नाही.

क्लोरीनवालं ब्लीच मी एप्रनसाठी सुचवत नाही. पांढऱ्या कॉटनवर चालतं, रंगही उडवतं, पण सुताची ताकद खातं आणि रंगीत पट्ट्या कायमच्या घालवतं. आणि घाईघाईत लोक आधी व्हिनेगर आणि मग ब्लीच ओततात, त्यातून क्लोरीन गॅस निघतो, स्वयंपाकघरात ते झालं तर थेट श्वासाचा प्रश्न. ब्लीचमध्ये व्हिनेगर नाही, स्पिरिट नाही, पेरॉक्साइड नाही, काहीच मिसळायचं नाही.

काळा, निळा आणि चॉकलेटचे कलर

लाल सोपा उमगतो, काळा फसवतो. बरेचसे काळे जेल हे लाल, निळा, पिवळा यांचं मिश्रण असतं. ओल्या टिश्यूवर काळा डाग दाबला की कडेला निळसर-जांभळी झालर फुटते, म्हणजे मिश्रण वेगळं होतंय. धुताना काळा डाग अचानक निळा किंवा जांभळा झाला तर घाबरू नका, त्यातला एक रंग गेला आणि दुसरा मागे राहिलाय, काम तेच चालू ठेवायचं. पण बाटलीवर घटकांमध्ये व्हेजिटेबल कार्बन किंवा ई १५३ असेल तर प्रकरण वेगळं. तो रंग म्हणजे बारीक कोळसा, विरघळतच नाही, आणि परकार्बोनेट त्याचं काही वाकडं करू शकत नाही. तिथे लिक्विड साबण, हलका ब्रश, धुणं, परत साबण, असं कण कण बाहेर काढणं एवढंच हातात आहे. म्हणून डाग हट्टी वाटला की आधी बाटलीचं लेबल वाचा, तासभर वाचतो.

चॉकलेट रंगवायचे ऑइल बेस्ड कलर हेही असेच, पाण्याला दाद देत नाहीत. तिथे आधी साधं तेल चोळून रंग सैल करायचा, टिपायचा, मग लिक्विड साबण, पाणी सगळ्यात शेवटी. हळदीपासून केलेला नैसर्गिक पिवळा असेल तर साबण लागताच तो लालसर होईल, डाग वाढला असं वाटेल, तसं काही नसतं, धुवून ओलाच कडक उन्हात टाका, उन्हाने तो उडतो.

आता हात

हातमोजे काढा. कोरड्या तळव्यावर भांडी घासायचं लिक्विड एक चमचा आणि खाण्याचा सोडा एक चमचा घ्या, पाणी जवळजवळ नाहीच, आणि मिनिटभर चोळा, बोटांच्या बेचक्यात, सांध्यांवरच्या सुरकुत्यांवर जास्त. सोडा सौम्य खरखरीतही आहे आणि अल्कलाइनही, दोन्ही कामं एकदम. मग कोमट पाण्याने धुवा. फेस गुलाबी येतोय तोवर परत करायला हरकत नाही, फेस पांढरा आला की थांबा, त्यानंतर जे दिसतंय ते वरच्या कातडीत बसलेलं आहे आणि आणखी घासून फक्त कातडी सोलाल.

नखांच्या कडांना मऊ टूथब्रशवर साधी पांढरी टूथपेस्ट घ्या, जेलवाली नको, गोल गोल फिरवा. तरी राहिलं तर अल्कोहोलवालं सॅनिटायझर कापसावर घेऊन टिपा, कापसावर रंग येतोय का बघा, येत नसेल तर सोडून द्या. चिरलेलं, खरचटलेलं असेल तर यातलं फक्त साबण-पाणी, आणि लहान मुलांच्या हातांनाही तेवढंच पुरे. कपड्याचं ब्लीच हातावर कधीच नाही. शेवटी क्रीम लावा, सोड्याने हात कोरडे पडतात.

उरलेली फिकी छटा एक-दोन दिवसांत आपोआप जाते कारण कातडीचा वरचा थर सतत झडत असतो आणि रंग त्या थरातच असतो. नखांवरचा जरा जास्त टिकतो, तिथे थर झडत नाही, पॉलिश लावून टाका.

पुढच्या वेळी लाल किंवा काळा जेल वापरायच्या आधी हाताला आणि विशेषतः नखांच्या कडांना थोडं तेल किंवा व्हॅसलीन चोळून मग हातमोजे घाला, जेल बाटलीतून पिळण्याऐवजी टूथपिकने घ्या, आणि बाटली कायम एका जुन्या बशीत उभी करा, ओट्यावर नाही. गडद लाल हवा असेल तर रंग घातलेलं क्रीम काही तास झाकून ठेवा, रंग बसल्या बसल्या गडद होतो, आणि मग जेलच मुळात कमी लागतं.